तपकिरी जोडी

सुतळीचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. गजर नाही, हाक नाही. डोळे उघडायचे आणि पाय जमिनीला लागायचे. रविवारही त्याला अपवाद नव्हता. बायको कूस बदलून म्हणायची, "अहो, एक दिवस तरी पडा की. तुम्ही उठला नाहीत म्हणून उजाडायचं थांबणार नाही."

"सवय आहे," तो म्हणायचा आणि चहाचं आधण ठेवायचा.

त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर होतं. बाकी सगळे सुतळीच म्हणत. शरीरयष्टी तशीच होती हे एक, आणि खिशात कायम सुतळीचं गुंडाळं असायचं हे दुसरं. भिंतीतल्या पाइपमधून केबल ओढायची तर आधी सुतळी पलीकडे न्यावी लागते. मग तिच्या टोकाला केबल बांधायची आणि दोघांनी ओढायची. एकाने इकडून सोडायची, दुसऱ्याने तिकडून खेचायची. हिसका द्यायचा नाही. सुतळी हे काम इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत करत होता. मालक, हिशेबाच्या बाई आणि चार हातकाम करणारे, एवढीच कंपनी. त्या चौघांत हा सगळ्यात जुना. हाताला घट्टे, गुडघ्यांना आवाज आणि कामाला बोट ठेवायला जागा नाही.

त्या रविवारी त्याला एकच काम होतं. बाजाराच्या रस्त्यावर एक गेमिंग पार्लर होतं. टीव्ही, कन्सोल आणि मळलेल्या खुर्च्या. सकाळी गिऱ्हाईक येण्याआधी या, असा पार्लरवाल्याचा निरोप होता. सुतळी गेला तेव्हा पार्लरवाला शटर अर्धं उघडून वाटच बघत उभा होता.

"सुतळीभाऊ, तुमची लाइन झोपलीय."

"सगळ्या कन्सोलवर?"

"नाही, कोपऱ्यातल्या एकावरच. नवा गेम उतरवायला घातला तर बाकीचे जेवून हात धुऊन बसले आणि हा अजून पानावर."

"मग लाइन कशी झोपेल? लाइन तर सगळ्यांना एकच आहे."

"ते मला काय माहीत? पैसे मी तुम्हाला देतो, कोपऱ्याला देत नाही."

सुतळी हसला आणि गुडघे टेकून राउटरपाशी बसला. त्याची पद्धत ठरलेली होती आणि तो ती कुणासाठीही मोडत नसे. आधी दिवा बघायचा. त्या राउटरवर जिथे केबल खोचतात तिथे प्रत्येक भोकाला एक बारीक दिवा होता. हिरवा म्हणजे हजाराचा वेग. पिवळा म्हणजे शंभराचा. बाकी सगळे हिरवे होते, कोपऱ्यातल्या कन्सोलचा पिवळा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की गुन्हेगार कोण ते कळत नाही. त्याने पिशवीतून आपली खात्रीची छोटी केबल काढली आणि जुनीच्या जागी लावली. दिवा पिवळाच. म्हणजे केबल निर्दोष. ती काढून जुनी पुन्हा लावली, पण या वेळी शेजारच्या भोकात. हिरवा.

"भोक गेलंय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

सुतळीने बॅटरी दिली. "आत बघा. आठ सोनेरी तारा दिसतात?"

पार्लरवाल्याने एक डोळा मिटून आत पाहिलं. "सात सरळ आहेत. एक शेजारणीच्या अंगावर रेललीय."

"तीच. खोचणीचा, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लगचा, चाप तुटलाय, बघा. मग कुणीतरी कागदाची घडी घालून ती ठासून बसवली. वाकडी बसली, तार दबली."

पार्लरवाल्याने कागदाची घडी खिशात टाकली. "कुणीतरी म्हणजे मीच. पण आठातली एक गेली तर एवढा फरक?"

"आठ तारा म्हणजे चार जोड्या. शंभराच्या वेगाला दोनच जोड्या लागतात. हजाराला चारही लागतात. एक लंगडी झाली की राउटर आणि कन्सोल आपसात ठरवतात, जाऊ दे बाबा, शंभरानेच चालू. भांडत नाहीत, बंदही पडत नाहीत. म्हणून लवकर कळत नाही. कधी कधी तर जोडलेच जात नाहीत, ते बरं. निदान समजतं तरी."

त्याने केबलला नवी खोचणी लावली, वाकलेल्या भोकावर चिकटपट्टी मारली आणि उठताना गुडघ्यांना शिवी दिली. पार्लरवाल्याने चहा मागवला. सुतळीने तो उभ्याउभ्या संपवला. त्याला आज घरी जायची घाई होती.

घाईचं कारण म्हणजे त्याची लेक. ती दुसऱ्या शहरात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. हुशार, कामसू आणि बापासारखीच मितभाषी. त्यामुळे फोन म्हणजे दोघांची परीक्षा असायची.

"जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"हो."

"आई आहे का?"

संपलं. फोन बायकोकडे जायचा आणि मग तिकडे मायलेकींची तासभर चालायची. सुतळी बाजूला बसून ऐकायचा आणि ऐकत नसल्यासारखा दाखवायचा.

दोन वर्षांपूर्वी लेक सुट्टीला आली ती आपला कन्सोल घेऊन. गाड्यांची शर्यत होती. तिने बापाच्या हातात रिमोटसारखं ते यंत्र दिलं. सुतळीची गाडी पहिल्याच वळणाला शेतात, तिथून ओढ्यात आणि ओढ्यातून एका पुलाच्या खांबावर गेली. दोघं इतकी हसली की बायको स्वयंपाकघरातून कालथा घेऊन आली. सुट्टी संपून लेक गेली आणि सुतळीने पगारातून बाजूला टाकत टाकत तसलाच एक कन्सोल घेतला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी चारला ती तिकडे आणि हा इकडे, कानाला माइक लावून, गाड्या पळवायचे.

आणि गंमत अशी की गाडी चालवताना लेक बोलायची. समोर रस्ता असला की तिला बापाच्या तोंडाकडे बघावं लागत नसे, आणि बापालाही तिच्या. वळण घेता घेता ती सांगायची, वरिष्ठ बाई कशा टाकून बोलतात, खोलीवरच्या मैत्रिणीचं लग्न कसं मोडलं, कुठला रिपोर्ट चुकता चुकता राहिला. सुतळी म्हणायचा, "हं." कधी म्हणायचा, "डावीकडे घे." एवढ्यावर सगळं चालायचं.

गेल्या रविवारी शर्यत संपल्यावर ती म्हणाली होती, "बाबा, पुढचा रविवार झाला की मी तीन महिने ट्रेनिंगला चाललेय. तिकडे कन्सोल नाही. पुढच्या रविवारी मात्र नक्की या. एक विचारायचंय तुम्हाला."

"आता विचार की."

"नाही. पुढच्या रविवारी. नीट ठरवून विचारते."

आठवडाभर सुतळीला ते टोचत राहिलं. बायको म्हणाली, "मी विचारते फोनवर." तो म्हणाला, "नको. तिला मलाच विचारायचंय." हे वाक्य त्याने जरा छाती काढूनच म्हटलं होतं, असं बायको नंतर सगळ्यांना सांगायची.

पार्लरमधून निघून, वाटेत बायकोने सांगितलेलं सामान घेऊन तो घरी पोचला तेव्हा दुपार व्हायला आली होती. कन्सोल चालू केला. पडद्यावर पाटी आली. शर्यतीची नवी आवृत्ती आलीय, ती उतरवल्याशिवाय ऑनलाइन खेळता येणार नाही. उतरवायला घातली. खाली अक्षरं उमटली: पाच तास बाकी.

सुतळीने घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून गेले होते.

"पाच तास?" तो पडद्याला म्हणाला. "हजाराचा प्लॅन घेतलाय मी."

प्लॅन त्याने गेल्याच महिन्यात बदलला होता. आधीचा स्वस्तातला, मंद होता. मालकाने आपल्या माणसांना सवलत दिली म्हणून मोठा घेतला. मोबाइलवर फरक दिसला होता, कन्सोलवर बघायची वेळच आली नव्हती. शर्यतीला वेग फार लागत नाही. गाडी कुठे आहे एवढीच बातमी इकडून तिकडे जाते, ती चिमूटभर असते. मोठं ओझं उतरवायचं झालं की वेग लागतो.

तो दारापाशी गेला. राउटर तिथे भिंतीवर होता, तसाच, पार्लरमधल्या जातीचा. कन्सोलच्या केबलचा दिवा पिवळा.

"भोक गेलं," सुतळी म्हणाला. सकाळचंच दुखणं डोक्यात ताजं होतं. त्याने केबल दुसऱ्या भोकात खोचली. पिवळा. तिसऱ्यात. पिवळा. बॅटरी मारून आत पाहिलं. सगळ्या तारा ताठ उभ्या.

"राउटरच आतून गेलाय."

त्याने मालकाला फोन लावला.

"मालक, एक राउटर पाहिजे."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"रविवारी? जेवू दे की मला. काय झालंय त्याला?"

"हजाराला उठत नाही."

"केबल बघितलीस?"

"केबल मी ओढलीय," सुतळी म्हणाला.

पलीकडून मालक म्हणाला, "ये बाबा. घरी ये. माझ्याकडे एक पडलाय."

सुतळी सायकलवर गेला, राउटर घेऊन आला, घामाने भिजला, जुना उतरवला, नवा चढवला, सगळं पुन्हा जोडलं. त्यात दीड वाजून गेला. दिवा लागला. पिवळा.

तो स्टुलावर बसला. कन्सोल मधल्या काळात अर्थातच थांबला होता. पडद्यावर बाकीचे तास फारसे हलले नव्हते.

बायको एका रुग्णालयाच्या उपाहारगृहात स्वयंपाक करायची. पन्नास माणसांचं जेवण वेळेवर काढणारी बाई, तिला कुणी नुसतं बसलेलं खपत नसे. ती हात पुसत बाहेर आली.

"काय झालं?"

"दोन्ही राउटर खराब."

"दोन्ही? एकदम?" तिने दिव्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "तुम्ही लोकांच्या घरी गेलात की आधी काय करता?"

"दिवा बघतो."

"मग?"

"मग माझी छोटी केबल लावून बघतो."

"मग इथे लावली का?"

सुतळीने राउटरवरची धूळ बोटाने पुसली.

"का नाही लावली?"

"केबल मी ओढलीय," तो पुन्हा म्हणाला. पण या वेळी आवाज जरा खाली होता.

"तीन वर्षांमागे मांडव पडला होता तोही तुम्हीच बांधलेला," बायको म्हणाली. "आणा ती पिशवी."

छोटी केबल टीव्हीपर्यंत पोचणारी नव्हती. मग कन्सोलच उचलून दारापाशी आणावा लागला. सुतळीने तो स्टुलावर ठेवला, वीज दिली, छोट्या केबलने राउटरला जोडला. दोघं वाकून बघत राहिले. दिवा आधी विझला, मग लुकलुकला, मग स्थिर झाला.

हिरवा.

"झालं," बायको म्हणाली. "राउटर चांगला, कन्सोल चांगला. राहिलं कोण?"

सुतळी मान खाली घालून पिशवीत शोधायला लागला. त्याच्याकडे तपासणीचे दोन छोटे डबे होते. एक केबलच्या या टोकाला, एक त्या टोकाला. बटण दाबलं की एक ते आठ दिवे ओळीने लागतात. त्याने ते आपल्या केबलला लावले. बायकोला टीव्हीपाशी उभं केलं.

"सांग."

"एक. दोन. तीन. चार. पाच. सहा." थांबली. "पुन्हा एक."

"सात? आठ?"

"नाही लागले. पुन्हा एक, दोन..."

"सात-आठ म्हणजे तपकिरी रंगाच्या तारांची जोडी," सुतळी म्हणाला.

त्याने दोन्ही टोकांच्या खोचण्या कापून नव्या लावल्या. शंका मिटवावी म्हणून. सात आणि आठ तरीही काळेच. मग तो भिंतीच्या कडेने केबलवर दोन बोटं फिरवत निघाला. टीव्हीच्या कपाटामागे बोट अडखळलं. केबलला तिथे एक कुबड होतं. नखाएवढं. वरचं प्लॅस्टिक सरळ केलेलं, पण आत हाताला गाठ लागत होती.

आणि ती बघितल्याबरोबर त्याला सगळं आठवलं.

केबल मोठ्या रिळावर येते. रिळाचं अगदी आतलं टोक लाकडाच्या भोकातून घालून दुमडून ठेवलेलं असतं, नाहीतर गुंडाळी सुटते. काम संपत आलं की शेवटी ते टोक उरतं. दुमडलेला भाग कापून टाकायचा असतो. सगळे टाकतात. सुतळीला टाकवत नसे. अशा तुकड्यांची पोती त्याच्या माळ्यावर साठली होती. तांबं आहे, कुणाच्या तरी घामाचं आहे, असं तो म्हणायचा. घरची केबल त्याने अशाच एका शेपटाची केली होती. दुमडलेली जागा पकडीने ओढून सरळ केली. टीव्हीपर्यंत बरोब्बर पुरली, वीतभरही जास्त नाही. त्याला त्याचाच आनंद झाला होता. तांब्याची तार एकदा दुमडून उलगडली की मोडायला आलेली असते. कुणाच्याही घरी त्याने ती लावली नसती. आणि लावली असती तर दोन्ही डबे लावून तपासली असती. आपल्या घरची काय तपासायची? दिवा लागला, टीव्ही चालला, उठून हात धुतले.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून?" बायकोने विचारलं.

"असेल. जुन्या प्लॅनला दोन जोड्या पुरत होत्या. उरलेल्या दोन मेल्या काय आणि जगल्या काय."

"आणि तुम्ही मालकाला जेवणावरून उठवलंत."

"उठवलं."

"मग आता? कापून जोडा."

"कापली तर पुरणार नाही. वीतभरही जास्त नाही त्यात." तो कुबडाकडे बघत राहिला. "नवी ओढायची तर दुकान बंद. आज रविवार."

बायकोने स्टुलावरच्या कन्सोलकडे पाहिलं. "केबल तिकडे जात नसेल तर हा इकडे बसू दे की. ओझं उतरवून झालं की उचलून नेऊ. खेळायला वेग लागत नाही असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

सुतळीने बायकोकडे असं पाहिलं जसं तो कधी कधी चांगल्या ओढलेल्या केबलकडे बघायचा. इथे पडदा नव्हता, पण उतरतंय की नाही ते राउटरचा दिवा सांगणार होता. कन्सोल झोपलेला असला तरी काम चालू ठेवतो, एवढं त्याला लेकीने शिकवलं होतं. त्याने तसं करून ठेवलं. राउटरवरचा हिरवा दिवा एकसारखा थरथरायला लागला.

"चाललंय," तो म्हणाला.

दोघांनी दारातच ताटं घेतली. एक स्टुलावर कन्सोल, दुसऱ्या स्टुलावर पाण्याचा तांब्या. शेजारीण जिन्यावरून खाली जाताना थबकली.

"काय हो, दारात पंगत?"

"पाहुणा जेवतोय," बायको म्हणाली आणि कन्सोलकडे बोट केलं.

जेवण झालं. बायकोने जरा पाठ टेकली. सुतळी तिथेच बसून राहिला. त्याने दिव्यावरची नजर हलवली नाही. जणू तो बघत होता म्हणूनच दिवा थरथरत होता. सव्वातीनच्या सुमारास थरथर कमी झाली, मग अधूनमधून, मग एखादीच. त्याने कन्सोल उचलला, तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांवर घेऊन टीव्हीपाशी आणला, त्या कुबडवाल्या केबलला जोडला. दिवा पुन्हा पिवळा. पडद्यावर पाटी आली: खेळायला तयार.

चारला कानात लेकीचा आवाज आला. "बाबा, आलात? मला वाटलं नवी आवृत्ती अडकवते तुम्हाला."

"अडकवली होती," सुतळी म्हणाला. "आईने सोडवली."

"कशी?"

"शर्यत लाव. सांगतो."

गाड्या सुटल्या. त्याने सांगितलं. रिळाचं शेपूट, पकड, दोन राउटर, मालकाचं जेवण, सगळं. लेक इतकी हसली की तिची गाडी कठड्यावर गेली. सुतळी पुढे निघाला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"बाबा," ती मागून म्हणाली. "ट्रेनिंग झालं की मला जागा मागता येते. तुमच्या इथल्या मोठ्या प्रयोगशाळेत एक आहे. घरून जाता येईल. मागू का?"

सुतळीच्या समोर लांब वळण होतं. त्याने ते नीट घेतलं.

"तुला काय वाटतं?"

"मला यावंसं वाटतं. पण तुम्हाला अडचण होईल असंही वाटतं. मोकळं घर झालंय तुमचं. म्हणून आईला नाही विचारलं. ती हो म्हणेलच. तुम्ही खरं सांगाल."

बायको दारात उभी होती. तिला अर्धंच ऐकू येत होतं, नवऱ्याचं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"माग," सुतळी म्हणाला. मग त्याला ते फारच थोडं वाटलं. त्याने घसा साफ केला. "तुझी खोली आहे तशी आहे. मी एक पोतंही ठेवलेलं नाही तिच्यात. माळ्यावर ठेवलीत सगळी."

पलीकडून लेक ओरडली, "बाबा, समोर बघा."

तो खांबावर आदळला होता.

सोमवारी पगार झाला. सुतळी काम संपवून केबलच्या दुकानात गेला. दुकानदार त्याला वर्षानुवर्षं ओळखत होता, पण कंपनीच्या खात्यावर माल उचलणारा म्हणून. "कुठल्या साइटला पाठवू?" त्याने विचारलं.

"घरी न्यायचीय. माझ्या पैशांनी."

दुकानदाराने चष्मा वर केला. "तुमच्याकडे तर पोती भरून आहेत म्हणे."

"पोती आजच भंगारवाल्याला दिली. नवी द्या. सलग. अख्ख्या तांब्याची." आणि मापाची दोरी हातात घेऊन तो म्हणाला, "दोन खोल्यांना पुरेल इतकी. दोन्हीकडे हातभर जास्त."

त्या संध्याकाळी बायको एका टोकाला उभी राहिली आणि तो दुसऱ्या. सुतळी आधी गेली, मागून केबल. हिसका कुणी दिला नाही. लेकीच्या खोलीत आणि टीव्हीमागे त्याने जास्तीची केबल वेटोळं करून बांधून ठेवली. मग डबे लावले. बायकोने आठपर्यंत मोजलं, एकदा इकडे आणि एकदा तिकडे. आयुष्यभर त्याने मैलोन्मैल केबल दुसऱ्यांच्या भिंतींतून ओढली होती. स्वतःच्या पगारातून, पूर्ण भाव देऊन घेतलेली ही पहिली.